तोंडाचा वास आंब्याचा की साखरेचा? मे महिन्यात या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात देवगडजवळच्या एका वाडीतून एक आई बारा वर्षांच्या मुलाला आमच्या उपकेंद्रात घेऊन आली. पोटात दुखत होतं, रात्रीपासून उलट्या. "सिस्टर, आंबे खाऊन पोट बिघडला तेचा," ती म्हणाली. मुलाच्या तोंडाला खरंच जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मात्र आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं आणि दोनदा चूळ भरूनही वास हटत नव्हता.

वयात येताना वास बदलतोच. काखेत, जांघेत नव्या घामग्रंथी जाग्या होतात, त्या घामावर जंतू वाढतात आणि आंबूस, उग्र वास येतो. आंघोळ करून धुतलेला सदरा घातला की तो कमी होतो. (मुलीला आठ किंवा मुलाला नऊ वर्षांच्या आधीच असा मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवा.) पण श्वासातला फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास वयात येण्याचा नसतो. तो अ‍ॅसिटोनचा असतो. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींना मिळत नाही, शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. कीटोन साचले की रक्त आम्लयुक्त होतं. टाइप 1 मधुमेह बऱ्याचदा याच वयात, दहा ते चौदाच्या दरम्यान, डोकं वर काढतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे वास एकटाच बघणं. मी आईला मागचे पंधरा दिवस विचारले. पोरगा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता, आणि घरच्यांना ते उन्हाळ्यामुळे वाटलं. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचा, दोनदा अंथरूणही ओलं झालं होतं. चड्डी कमरेत सैल झाली, तर आजी म्हणाली, उंची वाढते ना, म्हणून बारीक दिसतो. प्रत्येक गोष्टीला घरात एक कारण तयार होतं. एकत्र मांडल्यावर मात्र एकच कारण उरलं. शिवाय तो खोल, भराभर श्वास घेत होता आणि खोकला किंवा ताप अजिबात नव्हता. रक्तातलं आम्ल बाहेर टाकायची ती शरीराची धडपड असते.

दुसरी चूक मीटरवर होते. आंबा किंवा फणस खाल्लेल्या बोटाला सुई टोचली तर रसातली साखर थेंबात मिसळते आणि आकडा खोटाच वर जातो. मग कोणी घाबरतं, आणि पुढच्या वेळी खरा आकडाही "आंब्याचा असेल" म्हणून सोडून देतं. हात साबणाने धुऊन, नीट पुसून मगच टोचा. मी तसंच केलं; मीटरवर 438 आलं. लघवीच्या पट्टीवर कीटोनचा चौकोन गडद जांभळा झाला. तहान, लघवी, वजन घटणं ही लक्षणं असताना केव्हाही साखर 200 किंवा जास्त आली की तो मधुमेह. सोबत उलट्या आणि कीटोन असतील तर ते त्याच दिवशी इस्पितळात दाखल करण्याचं दुखणं आहे. मीटरवर आकड्याऐवजी HI दिसलं तर साखर त्याच्या मर्यादेपलीकडे, बहुधा 600 च्या वर आहे.

उलट्यांचं इंजेक्शन घेऊन घरी जाणं, साखर घातलेलं कोकम सरबत पाजत राहणं, यात तास वाया जातात. सलाइन आणि शिरेतून इन्सुलिन मोजून, तासातासाला तपासत द्यावं लागतं. आम्ही 108 ला फोन केला. मुलगा आठवड्याने घरी आला. आता रोज इन्सुलिन घेतो आणि हिशेबाने आंबाही खातो.

असाच वास उपासाच्या दिवशी हलकासा येतो. माणूस ठणठणीत असतो आणि जेवल्यावर वास जातो. गरोदरपणात मात्र "डोहाळे आहेत, उलट्या होणारच" म्हणून सोडू नका. पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर उपाशी शरीरात कीटोन साचलेले असू शकतात. गरोदर बाई मधुमेही असेल तर साखर फार चढलेली नसतानाही हा धोका येतो. तिथे आकडा बघून निवांत बसू नये.

वास आला नाही म्हणून धोका नाही, असंही समजू नका. अ‍ॅसिटोनचा वास काहींच्या नाकाला कळतच नाही. त्या मुलाच्या वडिलांना तो शेवटपर्यंत आला नव्हता.

आणि इन्सुलिन चालू असलेल्या घरांत दरवर्षी दिसणारी एक चूक: पोर आजारी पडलं, जेवलं नाही, मग इन्सुलिन कशाला, म्हणून सुई बंद. आजारपणात शरीराला बहुधा इन्सुलिन जास्तच लागतं. डोस किती, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. लांब परिणाम करणारं इन्सुलिन मनाने बंद करू नका, आणि दर तीन-चार तासांनी साखर व कीटोन तपासत राहा.