कारकुनाचा राजीनामा इंग्रजीत नेताना

भाषांतराच्या कामात नव्याने आलेल्यांना राजीनामापत्र म्हणजे अर्ध्या तासाचं काम वाटतं. एक पान, ठरलेला मायना, ठरलेला शेवट. पण या पानावर कुणाची तरी शेवटची तारीख, पीएफ आणि पुढच्या नोकरीसाठी लागणारा अनुभवाचा दाखला अवलंबून असतो. म्हणून मी हाताळलेलं एक पत्र ओळीओळीने दाखवते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत, बोलतो तशी लिहिली आहेत.

एका खासगी कंपनीची सांगलीकडची शाखा. तिथल्या कारकून बाई आवक-जावक, हजेरीचं मस्टर आणि किरकोळ खर्चाची रोकड बघायच्या. शाखेतला सगळा व्यवहार मराठीत, पण मनुष्यबळ विभाग बेंगळुरूच्या मुख्य कार्यालयात, त्यामुळे राजीनामा इंग्रजीतच हवा. त्यांनी लिहून आणलेलं पत्र असं होतं :

"मा. शाखा व्यवस्थापक साहेब यांसी,
विषय : लिपिक पदाचा राजीनामा मंजूर होणेबाबत.
महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी आपल्या शाखेत गेल्या नऊ वर्षांपासून लिपिक पदावर काम करीत आहे. घरगुती अडचणीमुळे यापुढे नोकरी करणे मला शक्य होणार नाही. तरी मी राजीनामा देऊ इच्छिते. दि. १ जुलैपासून मला कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती. आपण मला वेळोवेळी सांभाळून घेतले, त्याबद्दल मी आयुष्यभर आपली ऋणी राहीन. माझ्याकडून काही चुकले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. कळावे, लोभ असावा.
आपली विश्वासू"

मराठीत हे पत्र उत्तम आहे. "लोभ असावा" कार्यालयीन पत्रात बसत नाही, पण नऊ वर्षांनी निघताना एवढं चालतं.

पेन उचलण्याआधी एक विचारून घ्या : हे भाषांतर कशासाठी? पूर्वी दिलेला मराठी राजीनामा व्हिसाच्या किंवा कोर्टाच्या कागदांना जोडायचा असेल, तर तुम्ही प्रमाणित भाषांतर करताय. त्यात एक शब्दही गाळता येत नाही, "लोभ असावा"सुद्धा नाही. पण इंग्रजी पत्रावर बाई स्वतः सही करून तेच पाठवणार असतील, तर ते पत्र त्यांचं. तिथे त्यांना विचारून वाक्य बदलता येतं, गाळता येतं. आमचं काम या दुसऱ्या प्रकारचं होतं.

मी सुरुवात नम्रतेपासून करत नाही, तारखेपासून करते. "१ जुलैपासून कार्यमुक्त करावे" म्हणजे १ जुलैला त्या कामावर असणार की नसणार? शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं की नसणार. पण इंग्रजीत "विथ इफेक्ट फ्रॉम फर्स्ट जुलै" लिहिलं की हीच शंका तशीच राहते. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस होती, पत्र ३० मे २०२५ रोजी द्यायचं होतं. म्हणून मी लिहिलं, "माय लास्ट वर्किंग डे विल बी मंडे, थर्टिएथ जून टू थाउजंड ट्वेंटी-फाइव्ह." वार लिहिला की चुकीची तारीख लगेच उघडी पडते. महिना अक्षरात लिहावा. ०१/०७ असे आकडे काही देशांत ७ जानेवारी असे वाचले जातात. पुढे कंपनी भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरते, ती आणि पत्रातली तारीख एकच असायला हवी.

सेवेच्या सुरुवातीचंही तेच. "गेल्या नऊ वर्षांपासून" हे बोलण्यात ठीक. नेमणूकपत्रावर ४ जुलै २०१६ होती, म्हणजे ३० जूनला नऊ वर्षं पूर्ण व्हायला तीनेक दिवस कमी. मी "सिन्स फोर्थ जुलै टू थाउजंड सिक्स्टीन" असं लिहिलं. बाईंना धास्ती वाटली की या तीन दिवसांनी ग्रॅच्युइटीचं एक वर्ष बुडेल. ते बुडत नाही. पाच वर्षं सलग सेवा झालेली असली की दर वर्षाला १५ दिवसांचं वेतन मिळतं, महिन्याचे २६ दिवस धरून, आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष मोजतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये असतील, तर १५ दिवसांचे ९,००० आणि नऊ वर्षांचे ८१,०००. हा हिशेब पत्रात लिहायचा नसतो, पण तारीख गुळगुळीत ठेवली की नंतर वाद उकरायला जागा मिळते.

याच वाक्यात व्याकरणाचा एक खड्डा आहे. "काम करीत आहे" हे सरळ "आय ॲम वर्किंग सिन्स" असं उतरतं, आणि आपल्याकडच्या निम्म्या अर्जांत तसंच असतं. हवं ते "आय हॅव बीन वर्किंग ॲज अ क्लार्क". पदही नेमणूकपत्रात असेल तेच. तिथे "ज्युनिअर क्लार्क" असेल तर तुम्ही "ऑफिस असिस्टंट" करून कुणाला बढती देऊ नका.

आता "राजीनामा देऊ इच्छिते". मराठीत ही फक्त अदब आहे. बाईंचा निर्णय पक्का होता. "आय विश टू रिझाइन" लिहिलं तर मुख्य कार्यालयातला माणूस ते नुसता विचार म्हणून वाचू शकतो आणि "नक्की कळवा" असा उलट मेल पाठवू शकतो. महिना त्यात सरकतो. "आय हिअरबाय रिझाइन" स्पष्ट आहे, पण दार आपटल्यासारखं वाटतं. मी "आय ॲम रायटिंग टू रिझाइन फ्रॉम माय पोझिशन ॲज क्लार्क" असं केलं आणि शेवटच्या दिवसाचं वाक्य त्याला लगेच जोडलं.

ही दोन वाक्यं शेजारी का हवीत, ते एका गाजलेल्या खटल्यातून कळतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ७ मे १९७७ रोजी राजीनामा लिहिला, १ ऑगस्टपासून लागू होईल असा, आणि १५ जुलैला तो मागे घेतला. घेता येतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ मध्ये, युनियन ऑफ इंडिया विरुद्ध गोपालचंद्र मिश्र या खटल्यात, बहुमताने निकाल लागला की पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो. पत्रातलं एकच वाक्य न उचलता सगळं पत्र एकत्र वाचलं गेलं. ते पद घटनात्मक होतं. खासगी नोकरीत कराराच्या अटीही बघाव्या लागतात. पण भाषांतर करणाऱ्याने तारीख गाळली किंवा "तात्काळ" असा रंग दिला, तर सही करणाऱ्याची बाजूच बदलू शकते, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

कारणाच्या ओळीत "घरगुती अडचण" आहे. आपल्याकडे तो सभ्य पडदा आहे, आत काय आहे ते कुणी विचारत नाही. "डोमेस्टिक प्रॉब्लेम" म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घरातली भांडणं येतात. "ड्यू टू फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज" हा तोच पडदा, तेवढ्याच जाडीचा. सासूबाईंच्या आजारपणाचा तपशील बाईंनी मला सांगितला होता, पण मूळ पत्रात नव्हता. म्हणून इंग्रजीतही आणला नाही.

खरं काम कृतज्ञतेच्या वाक्यात होतं. मराठीत अदब क्रियापदातच असते. "आपण", "करावे", "ही नम्र विनंती" म्हटलं की झालं, आभार मोघम असले तरी चालतात. इंग्रजीत मोघम आभार छापील वाटतात. तिथे कशाबद्दल ते सांगावं लागतं, आणि मग विशेषणं नसली तरी चालतं. "सांभाळून घेतले" म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं. दोन गोष्टी निघाल्या. साहेबांनी त्यांना शेजारी बसवून टॅली शिकवलं होतं, आणि सासूबाईंच्या दवाखान्याच्या दिवशी मस्टरवर सही करून लवकर जाऊ दिलं होतं.

दुसरी गोष्ट मी लिहिली नाही. आभार साहेबांचे असले, तरी पत्र बेंगळुरूला जाणार होतं. तिथे ते वाचून साहेबांनाच खुलासा द्यावा लागला असता. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ते मी तोंडी सांगते." पत्रात आलं ते असं : "आय ॲम ग्रेटफुल टू यू फॉर टीचिंग मी द अकाउंटिंग वर्क, अँड फॉर युअर पेशन्स व्हाइल आय लर्न्ट इट." "आयुष्यभर ऋणी" साठी "इनडेटेड" असा शब्द मिळतो, पण बाईंच्या नावावर कंपनीकडून घेतलेली उचल अजून बाकी होती. हिशेब तपासणाऱ्याच्या हातात तो शब्द कशाला द्या!

"काही चुकले असल्यास क्षमा करावी" ही ओळ मी गाळायला सांगितली. आपल्याकडे कोणत्याही निरोपाला ती असतेच. इंग्रजीत, आणि तेही रोकड सांभाळणाऱ्या कारकुनाच्या फायलीत, ती कबुलीसारखी वाचली जाते. पुढे किरकोळ खर्चात शंभर रुपयांचा फरक निघाला, तर पहिलं बोट या ओळीवर पडेल. तिची जागा कामाच्या वाक्याने भरली : आवक-जावक नोंदवही, मस्टर आणि किरकोळ रोकड ३० जूनपर्यंत नेमून दिलेल्या व्यक्तीकडे सोपवीन. त्यात नम्रता आहे आणि जबाबदारीही. अनुभवाचा दाखला आणि पूर्ण हिशेब मिळावा ही विनंती त्याच परिच्छेदात, एका ओळीत, "आय वुड बी ग्रेटफुल इफ" ने सुरू केली. "काइंडली डू द नीडफुल" नको. काय करायचं ते त्यात सांगितलेलंच नसतं.

शेवट सोपा. वर "डिअर सर" असेल तर खाली "युअर्स फेथफुली", नाव घातलं असेल तर "युअर्स सिन्सिअरली". नावाचं स्पेलिंग पीएफच्या नोंदीप्रमाणे, लग्नाआधीचं आडनाव तिथे असेल तर तेच.

सहीआधी मी इंग्रजी पत्र बाईंना मराठीत उलटं वाचून दाखवलं. एका जागी त्या थांबल्या. साहेबांना शुभेच्छा कुठेच नाहीत, हे बरं दिसत नाही म्हणाल्या. बरोबर होतं. "लोभ असावा" मी काढला होता आणि त्याच्या जागी काही ठेवलं नव्हतं. "आय विश यू अँड माय कलीग्ज वेल" ही ओळ शेवटी घातली. मग दोन प्रती छापल्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला सांगितलं. तो शिक्का मारण्याचं काम त्यांचंच होतं, पण आपल्याच पत्रावर आपण पोच देऊ नये म्हणून त्यांनी तो शेजारच्या टेबलावरून मारून घेतला.