‘तुमचा भाव जास्त आहे’ हे ऐकायला जाण्याआधी: पुठ्ठ्याची पेटी विकणाऱ्या नव्या सेल्समनसाठी तयारीची यादी

निघण्याआधी बॅगेत काय टाकायचं ते आधी पाहू, कारण परचेसच्या टेबलावर भावाची बाजू तोंडाने लढवता येत नाही. दाखवण्यासारखं काहीतरी हातात लागतं. आपल्या पेटीचा न उघडलेला नमुना, मापाची टेप, कागद कापायचं ब्लेड, स्टीलची पट्टी आणि ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा खिशातला काटा एवढं पुरतं. काट्याची बॅटरी आदल्या रात्री तपासा. ऐनवेळी काटा बंद पडला की सगळं बोलणं परत ‘आमचा माल चांगला आहे साहेब’वर येतं, आणि ते वाक्य त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने सकाळपासून चारदा ऐकलेलं असतं.

मग वहीत ज्या पेटीवर बोलणी व्हायची आहेत तिचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडा. उदाहरण म्हणून मसाल्याच्या पाकिटांची पेटी घेऊ: ४०० × ३०० × २०० मिलिमीटर, ५ प्लाय, भाव ३६ रुपये, महिन्याला १०,००० नग. आपल्या पेटीत तिन्ही सपाट थर १५० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे आहेत आणि दोन्ही नागमोडी थर १२० चे. नागमोडी थराला वळणांमुळे जास्त कागद लागतो, साधारण १.४ पट. म्हणून तिन्ही सपाट थरांचे ४५० आणि नागमोडी थरांचे ३३६ मिळून चौरस मीटरला ७८६ ग्रॅम झाले. पेटी उलगडली की सांध्याची पट्टी धरून १४३५ × ५०० मिलिमीटरचं शीट निघतं, म्हणजे पेटी सुमारे ५६५ ग्रॅमची. गोंदाने यात थोडी भर पडते, ती इथे सोडून दिली आहे. हा हिशेब दुसऱ्याने करून दिलेला असला तर पहिल्याच उलटप्रश्नाला बोलणं अडतं.

आता भेट. ‘शेजारचा ३२ ला देतोय’ हे वाक्य आलं की लगेच उत्तर देऊ नका. आधी एकच गोष्ट विचारा: ‘त्यांची पेटी बघायला मिळेल का?’ कोटेशनचा कागद मागू नका, तो दाखवणं त्यांच्या नियमात बसत नाही आणि मागितला की ते सावध होतात. पेटीचा नमुना मात्र बहुतेक वेळा स्टोअरमध्ये पडलेला असतो. नमुना नाही, मापही माहीत नाही, आकडा तेवढा आहे, असं निघालं तर बहुधा तो भाव पाडून पाहण्याचा रोजचा प्रयत्न असतो. तिथे आपला भाव शांतपणे परत सांगा आणि पुरवठ्याच्या तारखांकडे वळा. इथे घाबरून रुपया सोडला तर पुढच्या प्रत्येक ऑर्डरला तो रुपया सोडलेलाच धरला जातो.

नमुना मिळाला तर दोन्ही पेट्यांमधून १० × १० सेंटिमीटरचा तुकडा, घडी आणि छपाई टाळून, कापा. हे परवानगी घेऊन आणि शक्यतो त्यांच्याच माणसाच्या हातून करा. तुकड्याचं वजन गुणिले १०० म्हणजे पुठ्ठ्याचं जीएसएम. आपला तुकडा ७.९ ग्रॅमच्या आसपास येईल. समोरचा ६.४ आला तर तो बहुधा १२० चे सपाट आणि १०० चे नागमोडी थर वापरतो आहे, आणि पूर्ण पेटी सुमारे ४६० ग्रॅमची आहे. आता भागाकार त्यांच्यासमोर करा. ३६ भागिले ०.५६५ म्हणजे किलोला साधारण ६४ रुपये, आणि ३२ भागिले ०.४६० म्हणजे साधारण ७०. नगावर ४ रुपयांनी स्वस्त दिसणारी पेटी कागदाच्या किलोवर ६ रुपयांनी महाग निघाली. इथे थांबा. पुढचं वाक्य त्यांचं असू द्या. नवा माणूस नेमका याच क्षणी गप्प राहू शकत नाही आणि ‘तरी बघतो साहेब, एक रुपया कमी करता येतो का’ असं आपणच म्हणून बसतो.

वजनात दोन ठिकाणी फसगत होते. पावसाळ्यात पुठ्ठा ओलावा ओढतो, त्यामुळे गोदामात महिनाभर पडलेला नमुना कोरड्यापेक्षा जड भरतो. दोन्ही तुकडे एकाच जागी काही तास ठेवलेले असले तरच तुलना खरी. दुसरी फसगत बीएफची, म्हणजे कागदाच्या बर्स्ट फॅक्टरची. कागदाची फुटण्याची ताकद म्हणजे जीएसएम गुणिले बीएफ भागिले १०००. आपला १५० जीएसएम, १८ बीएफचा थर २.७ देतो, तर १२० जीएसएम पण २२ बीएफचा थर २.६४ देतो. म्हणजे समोरच्याने हलका पण वरच्या दर्जाचा कागद लावला असेल तर ‘आमची पेटी जड, म्हणून मजबूत’ हा दावा तिथेच कोसळतो. म्हणून वजनाबरोबर बीएफ विचारा आणि पेट्या थप्पीत राहणार असतील तर दाबाच्या चाचणीचा अहवाल दोघांचाही मागा. फुटण्याची ताकद आणि थप्पी सोसण्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. मसाल्याची पाकिटं मऊ असल्याने थप्पीचा सगळा भार पेटीच्या भिंतींवर येतो: १०.५ किलोची पेटी सात थरांत रचली तर खालचीवर ६३ किलो. तोच माल काचेच्या बरण्यांत असता तर बराच भार बरण्यांनीच घेतला असता आणि आपला मुद्दा एवढा जोरकस राहिला नसता.

नुकसानीचा आकडा आपण सांगायचा नाही, त्यांच्याकडून घ्यायचा. ‘पेटी दबून महिन्याला किती परत येतात?’ हे स्टोअरच्या माणसाला विचारा, परचेसला बहुधा माहीत नसतं. ३२ ची पेटी घेतली तर त्यांची महिन्याची बचत ४०,००० रुपये. पेटीतला माल ४,००० चा धरला आणि तो पूर्ण वाया गेला, तर दहा जादा पेट्या दबल्या की बचत संपली, म्हणजे हजारात एक. पण पाकिटं फुटली नाहीत, फक्त पेटी बदलली, तर नुकसान याहून पुष्कळ कमी असतं. हे आपणहून सांगा, नाहीतर ते सांगतील.

कधी अडचण खरंच पैशाची असते: वरून भाव कमी करण्याचा आदेश आलेला असतो. तिथे भाव नाही, वस्तू किंवा अट बदलायची. दोन रंगांची छपाई एका रंगावर आणता येते का? थप्पी सातऐवजी चारच पेट्यांची रचत असतील तर हलका कागद चालेल का? हलका कागद म्हणजे वेगळी पेटी आणि तिचा वेगळा भाव. ३६ ची पेटी ३६ चीच राहते. उधारीची किंमतही तोंडपाठ हवी. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर ३६ रुपयांवर महिन्याला ३६ पैसे. शेजारचा एक महिना जास्त उधारी देत असेल तर त्याचा फायदा तेवढाच आहे, चार रुपये नाही.

तुकडे सारख्या वजनाचे निघाले, बीएफही सारखा आणि तरी ४ रुपयांचा फरक असेल, तर वाद घालू नका. मोजमाप लिहून घ्या, नमुन्याचा तुकडा मागून घ्या, ‘उद्या चारपर्यंत कळवतो’ म्हणा आणि तो तुकडा कारखान्यात कागद खरेदी करणाऱ्याच्या हातात द्या. फरक आपल्या कागदाच्या भावात आहे की शीट कापताना जाणाऱ्या वेस्टेजमध्ये, ते तोच सांगू शकेल.