दोन तापमानांवरच्या वेग स्थिरांकांवरून सक्रियण ऊर्जा कशी काढावी

एखाद्या अभिक्रियेचा वेग स्थिरांक दोन वेगवेगळ्या तापमानांना मोजलेला असेल, तर तिची सक्रियण ऊर्जा काढायला साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. आकडेमोड पाच मिनिटांची आहे. आलेलं उत्तर कितपत खरं मानायचं हे मात्र कॅल्क्युलेटर सांगत नाही, आणि या पद्धतीतली खरी मेख तिथेच आहे. म्हणून आधी एक गणित पूर्ण सोडवू आणि मग त्याच्या उत्तराची उलटतपासणी करू.

उदाहरणाला वायुरूप डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचं विघटन घेऊ. त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन तयार होतात. फॅरिंग्टन डॅनियल्स आणि ई. एच. जॉन्स्टन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली या अभिक्रियेची मोजमापं आजही वर्गात वापरली जातात. अभिक्रिया प्रथम कोटीची आहे, त्यामुळे वेग स्थिरांकाचं एकक फक्त "प्रति सेकंद" असतं.

```
2 N2O5 → 4 NO2 + O2

 0 °C    k = 7.87 × 10^-7  s^-1
25 °C    k = 3.46 × 10^-5  s^-1
35 °C    k = 1.35 × 10^-4  s^-1
45 °C    k = 4.98 × 10^-4  s^-1
55 °C    k = 1.50 × 10^-3  s^-1
65 °C    k = 4.87 × 10^-3  s^-1
```

यातली २५ आणि ४५ अंशांची जोडी आपण वापरू. बाकीचे आकडे तपासणीसाठी राखून ठेवू.

सूत्र कुठून येतं

स्वांते आर्‍हेनियस यांच्या समीकरणानुसार वेग स्थिरांक म्हणजे एका पूर्वगुणकाचा आणि एका घातांकी पदाचा गुणाकार. दोन तापमानांसाठी हे समीकरण दोनदा लिहून एकाला दुसऱ्याने भागलं की पूर्वगुणक कटतो. तो आपल्याला ठाऊक नसतोच, त्यामुळे ही मोठी सोय आहे. उरतं ते असं:

```
k = A · e^(-Ea/RT)

ln(k2/k1) = (Ea/R) · (1/T1 - 1/T2)
```

इथे T1 हे कमी तापमान आणि T2 हे जास्त तापमान, म्हणजे दोन्ही बाजू धन येतात. उत्तर ऋण आलं, तर बहुतेक वेळा एका बाजूची अदलाबदल झालेली असते.

पायरी १: दोन्ही स्थिरांक एकाच जातीचे आहेत ना, ते पाहा

सूत्रात वेग स्थिरांकांचं गुणोत्तर लागतं, अभिक्रियेच्या वेगांचं नव्हे. दोन्ही प्रयोगांत सुरुवातीची संहती तंतोतंत सारखी असेल तरच सुरुवातीच्या वेगांचं गुणोत्तर चालतं. संहती वेगळी असेल तर तो फरक तापमानाच्या खात्यावर चढतो आणि सक्रियण ऊर्जा चुकते. एकक मात्र कोणतंही असो, दोन्हीकडे सारखं असलं की झालं. एक प्रति मिनिट आणि दुसरा प्रति सेकंद असेल तर मात्र गुणोत्तर ६० पटींनी बिघडेल.

या अभिक्रियेच्या समीकरणात पेंटॉक्साइडपुढे २ हा सहगुणक आहे. त्यामुळे काही पुस्तकांत दिलेला वेग स्थिरांक इतर पुस्तकांतल्या स्थिरांकाच्या निम्मा दिसतो. गुणोत्तरात तो २ निघून जातो, फक्त दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे हवेत.

प्रथम कोटीच्या अभिक्रियेत अर्धायुकाल मोजलेला असेल तर तोही थेट चालतो, कारण तो वेग स्थिरांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. इथे २५ अंशांना अर्धायुकाल सुमारे साडेपाच तास आणि ४५ अंशांना जेमतेम २३ मिनिटं आहे.

पायरी २: तापमान केल्विनमध्ये घ्या

सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा. ही पायरी कुणी मुद्दाम टाळत नाही, पण घाईत ती राहून जाते. राहिली तर याच आकड्यांवरून सक्रियण ऊर्जा जेमतेम १.२५ किलोज्यूल प्रति मोल येते. ज्या अभिक्रियेचा अडथळा इतका ठेंगणा, तिचा वेग तापमानाने जवळजवळ हलणारच नाही. इथे तर वीस अंशांत वेग चौदा पट झालाय. उत्तर दोन-चार किलोज्यूल आलं की आधी तापमानाचं एकक पाहायचं.

पायरी ३: आकडेमोड

```
T1 = 298.15 K      T2 = 318.15 K

k2/k1 = 4.98e-4 / 3.46e-5 = 14.39
ln(14.39) = 2.667

1/T1 = 0.00335402
1/T2 = 0.00314317
फरक  = 0.00021085

Ea = 8.314 × 2.667 / 0.00021085
   ≈ 105200 J/mol ≈ 105 kJ/mol
```

दोन ठिकाणी हात आवरायला हवा. पहिलं म्हणजे लॉग नैसर्गिक हवा, कॅल्क्युलेटरवरचं `ln` हे बटण. `log` दाबलंत तर उत्तर २.३०३ पटींनी कमी येईल. दुसरं म्हणजे तापमानांचे व्यस्तांक. ते दोन जवळजवळ सारखे आकडे आहेत आणि आपण त्यांची वजाबाकी करतोय. ते ०.००३३५ आणि ०.००३१४ असे कापून घेतले तर फरक ०.०००२१ उरतो. म्हणजे पाच अंकांचा फरक एकदम दोन अंकांवर येतो. इथे योगायोगाने फार बिघडत नाही, पण दहा अंशांच्या जोडीत चांगलंच बिघडू शकतं. व्यस्तांक निदान सहा सार्थ अंकांपर्यंत ठेवा. नाहीतर फरक (T2 − T1)/(T1·T2) असा काढा, मग ही भानगडच राहत नाही.

वायू स्थिरांक ८.३१४ ज्यूलमध्ये असल्याने उत्तरही ज्यूलमध्ये येतं. शेवटी हजाराने भागून किलोज्यूल करायचे.

पायरी ४: उत्तर पटण्यासारखं आहे का?

"दर दहा अंशांना वेग दुप्पट" हा जुना ठोकताळा इथे कामी येतो. खोलीच्या तापमानाच्या आसपास तो सुमारे ५३ किलोज्यूल सक्रियण ऊर्जेला लागू पडतो. आपल्या अभिक्रियेत २५ वरून ३५ अंशांना वेग जवळपास चौपट झालाय. चौपट म्हणजे दोनदा दुप्पट, तेव्हा सक्रियण ऊर्जा त्याच्या दुपटीच्या, म्हणजे १०६ च्या आसपास हवी. आपलं १०५ त्यात नीट बसतं.

दोन बिंदूंची खरी अडचण

दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते. त्यातला एक बिंदू चुकीचा असला तरीही जाते, आणि चूक कुठे आहे याची कसलीही खूण मागे राहत नाही. वरच्या आकड्यांतल्या शेजारशेजारच्या जोड्या घेऊन पाहा:

```
25–35 °C    104.0 kJ/mol
35–45 °C    106.4
45–55 °C     95.7
55–65 °C    108.6
```

अभिक्रिया तीच आणि मोजमापांचा संच तोच, तरी एका जोडीतून ९६ येतात आणि लगेच पुढच्या जोडीतून १०९. हातात फक्त ४५ आणि ५५ ची जोडी असती, तर आपण बिनदिक्कत ९५.७ लिहून मोकळे झालो असतो.

हे का झालं ते आकडेच सांगतात. ५५ अंशांच्या आधीची जोडी कमी देते आणि नंतरची जास्त, म्हणजे संशय मधल्या बिंदूवर. ४५ आणि ६५ यांच्यावरून ५५ अंशांचा स्थिरांक काढला तर तो 1.61 × 10^-3 यायला हवा. दिलेला 1.50 × 10^-3 त्याहून सुमारे सात टक्क्यांनी कमी आहे. गतिकीच्या मोजमापात सात टक्के म्हणजे काही मोठा घोळ नव्हे. पण जोडी दहाच अंशांची असल्याने तेवढ्यानेही सक्रियण ऊर्जा सहा-सात किलोज्यूल सरकली.

म्हणून दोनच तापमानं घेता येणार असतील तर ती लांबलांबची घ्यावीत. एका स्थिरांकात पाच टक्क्यांची चूक धरली, तर ४५–५५ च्या जोडीत उत्तर सुमारे ४.२ किलोज्यूल हलतं आणि २५–४५ च्या जोडीत १.९. तापमापकाचंही तसंच. वीस अंशांच्या जोडीत वरचं तापमान अर्ध्या अंशाने चुकीचं वाचलं तर उत्तरात अडीच किलोज्यूलचा फरक पडतो. वॉटर बाथच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि नळीतल्या मिश्रणाचं तापमान यांत अर्ध्या अंशाची तफावत सहज असते, तेव्हा तापमापक मिश्रणातच बुडवलेला बरा.

पण अंतर हवं तेवढं वाढवता येत नाही. याच अभिक्रियेचा अर्धायुकाल शून्य अंशांना दहा दिवसांहून थोडा जास्त आहे, तर ६५ अंशांना अडीच मिनिटांहूनही कमी. अडीच मिनिटांच्या प्रयोगात नमुना गरम व्हायलाच मिनिटभर लागलं, तर सुरुवातीचं विघटन कमी तापमानाला होतं आणि स्थिरांक खरा असेल त्याहून कमी येतो. दहा दिवसांच्या प्रयोगात तापमान स्थिर राखणं हीच कसरत. साधारणपणे ज्या दोन तापमानांना अभिक्रिया काही मिनिटं ते काही तास या टप्प्यात बसते, ती निवडावीत.

तिसरा बिंदू

माझं मत विचाराल तर एक तिसरं मोजमाप हाताशी हवंच, मग ते गणितात वापरलं नाही तरी चालेल. आपल्या १०५.२ किलोज्यूलवरून शून्य अंशांचा वेग स्थिरांक काढला तर 7.1 × 10^-7 येतो. मोजलेला आहे 7.87 × 10^-7. फरक नऊ-दहा टक्क्यांचा, आणि तोही मोजलेल्या टप्प्याच्या बाहेर पंचवीस अंश जाऊन. २५ आणि ६५ ही आणखी रुंद जोडी घेतली तर सक्रियण ऊर्जा १०३.७ येते आणि शून्य अंशांचा अंदाज चार-पाच टक्क्यांच्या आत येतो.

तिसरा बिंदू दुपटी-तिपटीने चुकला, आणि मोजमापात दोष सापडला नाही, तर मग अभिक्रियेवरच शंका घ्यायची. सूत्र काढताना सक्रियण ऊर्जा आणि पूर्वगुणक दोन्ही तापमानांना तेच राहतात असं आपण गृहीत धरलं होतं. मधेच अभिक्रियेचा मार्ग बदलला तर ते गृहीतक कोसळतं. विकरांच्या बाबतीत हे हमखास दिसतं. ठराविक तापमानापुढे विकराची रचनाच मोडते आणि वेग वाढायचा सोडून घटतो. त्या दोन बाजूंचे दोन बिंदू घेतले तर सूत्र निमूटपणे एक आकडा देईल, पण त्याला अर्थ नसेल.

उत्तर कसं लिहावं

डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचं विघटन एका टप्प्यात होत नाही, त्यामुळे मिळालेली ऊर्जा ही एकूण अभिक्रियेची आहे, एखाद्या ठराविक टक्करीची नव्हे. कॅल्क्युलेटर 105154 असं काहीतरी दाखवेल, पण ते तसंच उतरवू नका. "२५ ते ४५ अंश सेल्सिअस या टप्प्यात सुमारे १०५ किलोज्यूल प्रति मोल" एवढं पुरे, आणि तापमानाचा टप्पा लिहायला विसरू नका. पूर्वगुणक काढायचा मोह झाला तर जपून. १०५.२ वरून तो 9 × 10^13 प्रति सेकंद येतो आणि १०३.७ वरून 5 × 10^13. सक्रियण ऊर्जेत दीड टक्क्याचा फरक पडला की पूर्वगुणक जवळजवळ निम्मा होतो, म्हणून दोन बिंदूंवरून काढलेल्या पूर्वगुणकाचा फक्त दहाचा घात विश्वासाने सांगता येतो.