उन्हात तापलेल्या औषधाचं आयुष्य मोजताय? या चुका टाळा

अथणी, रायबाग, चिक्कोडी पट्ट्यातल्या मेडिकलवाल्यांकडून एप्रिल-मे महिन्यात एक प्रश्न हमखास येतो. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेला खोका दोन महिने तापला, लेबलवर तर "30 अंशांपेक्षा जास्त नको" असं छापलंय, आता या मालाचं काय करायचं? आणि त्याला लागूनच उत्तरही येतं, "दर दहा अंशाला वेग दुप्पट होतोय म्हणतात की वो, म्हणजे आयुष्य अर्धं झालं!"

नियम ढोबळमानानं खरा आहे, पण तो लावण्याची ही पद्धत चुकीची आहे. यातून दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. चांगला माल परत जातो, आणि ज्याची खरी काळजी करायला हवी तो फळीवर तसाच राहतो.

आधी नियम नीट समजून घेऊ. औषधातला मुख्य घटक हळूहळू विघटित होत असतो. साधारणपणे तो छापील मात्रेच्या 90 टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे त्याचं आयुष्य, असं धरतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग जितक्या पटीने वाढतो, त्या पटीला Q10 म्हणतात.

```
t2 = t1 / Q10^((T2 - T1)/10)
```

इथे t1 हे T1 तापमानाला मिळणारं आयुष्य आणि t2 हे T2 ला मिळणारं. फरक 7 अंशांचा असेल तर घातांक 0.7 येतो, म्हणजे 2 च्या 0.7 व्या घातानं वेग सुमारे 1.62 पट. अनेक जण इथे 2 गुणिले 0.7 करून 1.4 काढतात. हा घातांक आहे, गुणाकार नव्हे.

चूक पहिली: तापला दोन महिने, कापलं सगळं आयुष्य

वरचाच खोका घ्या. गोळी 24 महिन्यांची, लेबलवर 30 अंशांची मर्यादा, एक्स्पायरीला अजून 14 महिने. "अर्धं झालं" म्हणणारा थेट 7 महिने लिहून मोकळा होतो. पण वेग वाढला होता तो फक्त तापलेल्या तासांत. त्या तासांपुरतंच आयुष्य जास्त खर्च झालं. खोका खाली उतरवून गार जागी ठेवला की वेग पुन्हा पूर्वीचा.

म्हणून उरलेलं आयुष्य कापत बसण्यापेक्षा खर्च झालेले दिवस मोजा. समजा माळ्यावर तापमापक ठेवून बघितलं तर दिवसातले 6 तास 40 अंश आणि उरलेले 18 तास 30 अंश सापडले, आणि खोका 60 दिवस तिथे होता. 40 अंशांवरचे तास एकत्र केले तर 15 पूर्ण दिवस होतात, 30 अंशांवरचे 45. Q10 दोन धरला तर 15 दिवसांचे 30 झाले. त्यात 45 मिळवले की 75. म्हणजे 60 दिवसांत 75 दिवसांचं आयुष्य खर्चलं, जादा खर्च 15 दिवस. Q10 तीन धरला तर तोच जादा खर्च 30 दिवस, चार धरला तर 45 दिवस.

14 महिन्यांतून 15 ते 45 दिवस, सात महिने नव्हे. अर्थात या हिशोबात एक गृहीतक आहे: 24 महिन्यांचं आयुष्य 30 अंशांवरच ठरवलंय आणि शेवटच्या दिवशी गोळी बरोबर 90 टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात किती राखीव ठेवलंय ते कंपनीच्या कागदात असतं, स्ट्रिपवर नसतं. म्हणून हा आकडा घेऊन बॅच नंबरासह स्टॉकिस्टमार्फत कंपनीला विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत तो खोका बाजूला काढून ठेवावा.

चूक दुसरी: सरासरी तापमान धरणं

याच खोक्याचं सरासरी तापमान काढलं तर 32.5 अंश येतं. मग मनात येतं, 30 च्या वर फक्त अडीच अंश, त्यात काय! Q10 तीन धरून हिशोब केला तर 60 दिवसांचे 79 येतात. तासातासाने मोजल्यावर ते 90 आले होते. चारने केला तर 105 ऐवजी 85. सरासरीनं नुकसान कमी दाखवलं, कारण वेग तापमानाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही. दुपारचे सहा तास जेवढं बिघडवतात तेवढं रात्रीचा गारवा भरून काढत नाही.

औषधांच्या गोदामात म्हणूनच साधी सरासरी न वापरता 'मीन कायनेटिक टेम्परेचर' काढतात. सगळ्या चढउतारांनी मिळून जेवढं नुकसान केलं, तेवढंच नुकसान करणारं एकच स्थिर तापमान कोणतं, याचं ते उत्तर. आपल्या खोक्यासाठी ते सुमारे 33.6 अंश येतं. डेटा लॉगर असेल तर त्याचं सॉफ्टवेअर बहुधा हे स्वतःच देतं. नसेल तर वरच्यासारखे तासांचे गट पाडले तरी काम भागतं. आणखी एक गोष्ट, रात्री 25 अंश असेल तर तिथे वाचलेले दिवस जमेला धरू नका. छापील एक्स्पायरी गारव्यानं पुढे सरकत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या गोळीचीही नाही.

चूक तिसरी, आणि सगळ्यात महागात पडणारी: दोन्ही दिशांना एकच आकडा

"दुप्पट" हा शब्द तोंडात बसलाय, म्हणून सगळीकडे 2 लावला जातो. पण Q10 हा निसर्गाचा ठरलेला आकडा नाही. तो त्या औषधाच्या सक्रियण ऊर्जेवर अवलंबून असतो, आणि इथेच अऱ्हेनियसचं समीकरण येतं.

```
k = A * e^(-Ea/(R*T))
```

इथे k म्हणजे विघटनाचा वेग, T म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान, A आणि R हे स्थिरांक. रेणूंना तुटायला एक चढ ओलांडावा लागतो, त्या चढाची उंची म्हणजे सक्रियण ऊर्जा, Ea. उंची जास्त असेल तर तापमानाचा परिणामही जास्त. 25 वरून 35 अंशांवर जाताना Ea 50 किलोज्यूल प्रति मोल असेल तर वेग 1.9 पट होतो, 83 असेल तर जवळजवळ 3 पट, 100 असेल तर 3.7 पट. आपल्या हातातल्या गोळीचं Ea आपल्याला माहीत नसतं. म्हणून 2, 3 आणि 4 असे तिन्ही आकडे लावून बघतात.

आता दिशा बघा. माल तापलाय आणि किती बिघडलाय ते मोजायचंय, म्हणजे आपण गारव्याकडून उष्णतेकडे जातोय. इथे 2 लावला तर नुकसान कमी दिसेल, म्हणून सावध माणूस 4 लावतो. उलट, 40 अंशांवर टिकलेल्या औषधाचं 25 अंशांवरचं आयुष्य काढायचं असेल तर 4 लावणं धोक्याचं. 40 अंशांवर 6 महिने टिकलं, तर 15 अंशांच्या फरकाला 4 चा 1.5 वा घात 8 येतो, म्हणजे 48 महिने! 2 लावला तर 2.83 पट, म्हणजे जेमतेम 17 महिने. इथे सावधपणा 2 मध्ये आहे.

बेळगावात बी.फार्म. शिकणाऱ्या पोरांनी हे नीट ध्यानात ठेवावं. परीक्षेतलं गणित दोन्हीकडे सारखंच दिसतं, दुकानात त्याचा अर्थ उलटा होतो. सोपा ताळा असा: निघालेला आकडा आपल्याला हवा होता तितका सुखाचा वाटत असेल, तर दुसऱ्या टोकाचा Q10 लावून बघावा.

अऱ्हेनियसमध्ये उत्तर विचित्र आलं तर

कॅल्क्युलेटरवर दोन चुका कायम होतात. तापमान सेल्सिअसमध्येच टाकलं तर 30 ते 40 अंशांना वेग इतका वाढतो की Ea 83 असेल तर उत्तर 37 आकडी येतं. 273.15 मिळवून केल्व्हिन करा. दुसरी चूक उलटी: 10 अंशांचा फरक असूनही वेग 1.001 पट, म्हणजे काहीच झालं नाही असं उत्तर. तिथे Ea किलोज्यूलमध्ये आणि R म्हणजे 8.314 ज्यूलमध्ये राहिलेला असतो. Ea ला 1000 ने गुणा. औषधाचा 10 अंशांसाठीचा आकडा दीड ते साडेचारच्या फार बाहेर गेला, तर आधी एकके तपासावीत, औषधावर संशय नंतर.

चूक शेवटची: जिथे नियम चालत नाही तिथे तो चालवणं

भर उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान सहज 60 अंशांच्या आसपास जातं. 30 ते 60 म्हणजे दहा-दहाच्या तीन पायऱ्या: 2 ने 8 पट, 3 ने 27 पट, 4 ने 64 पट. चार तासांचे कधी 32 तास होतात, तर कधी 256, म्हणजे जवळजवळ अकरा दिवस. उत्तरातला हा पसाराच सांगतो की आपण नियम ताणलाय. शिवाय तिथे वेगळंच काही सुरू होतं. जिलेटिनच्या कॅप्सूल मऊ होऊन एकमेकींना चिकटतात, सपोझिटरी वितळून पुन्हा गोठते, मलमातलं तेल सुटतं. मुख्य घटक 99 टक्के असला तरी ते औषध कामाचं राहिलेलं नसतं. दुपटीच्या नियमाला यातलं काहीच दिसत नाही.

इन्सुलिनचंही तसंच. ते प्रथिन आहे, उष्णतेनं त्याची घडी मोडते, रेणूंच्या गुठळ्या होतात. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची. वीज गेल्यावर फ्रिज किती वेळ बंद होता यावर Q10 लावत बसू नका, उत्पादकाने लिहिलेली मुदत बघा. आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. थंडीनं झालेलं नुकसान मोजायला हे सूत्र नाहीच.

राहिला ओलावा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा दुकानदार म्हणेल, आमच्याकडे जुलैत 25 अंशांच्या वर पारा जातोय कुठे? तापमानाचा हिशोब त्याला पूर्ण नंबर देईल. पण ॲस्पिरिन हवेतलं पाणी घेऊन तुटतं आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड निघतं. डब्यातल्या सुट्या गोळ्यांना व्हिनेगरचा आंबूस वास येऊ लागला तर ते विघटनच आहे, तापमापक काहीही म्हणो. तिथे अऱ्हेनियसपेक्षा वेष्टन महत्त्वाचं. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली स्ट्रिप ओलावा चांगला अडवते, साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या ब्लिस्टरमधून तो हळूहळू आत शिरतो, आणि सुट्या गोळ्यांच्या डब्याचं झाकण तर दिवसातून कितीदा उघडतं. पावसाळ्यात सुट्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर सिलिका जेलची पुडी बदलत राहा, आणि वास आलेला डबा विकू नका.