उत्तरसूचीत चूक वाटली तर सरांना असं लिहा

"सर, प्रश्न १७ चुकलाय" एवढंच लिहिलं की सरांना अख्खा प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो आणि पत्र मागे पडतं. माझी भाची ठाण्यात अकरावीला आहे. तिच्या सराव परीक्षेच्या उत्तरसूचीबद्दल आम्ही लिहिलं, तेव्हा स्वतःचं लांबलचक गणित न देता सूचीतलंच उत्तर प्रश्नात घालून दाखवलं. तपासायला अर्धं मिनिट पुरतं.

१. आधी संच पाहा. अ आणि ब संचांत प्रश्नांचा क्रम वेगळा असतो, आणि बऱ्याचदा "चूक" तिथेच निघते.
२. विषयाच्या ओळीत परीक्षेची तारीख, संच आणि प्रश्न क्रमांक लिहा.
३. मजकूर इतकाच:

"आदरणीय सर, संच ब, प्रश्न १७: √(x + 6) = x या समीकरणाला वास्तव उकली किती? सूचीत 'दोन' (3 आणि −2) दिलं आहे. x = −2 घातल्यावर डावी बाजू 2 येते, उजवी −2. त्यामुळे मला 3 ही एकच उकल मिळते. वर्ग करताना −2 जास्तीची आली असावी का? माझं काही चुकत असेल तर कृपया सांगावं."

शेवटी नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. प्रश्नाचा फोटो जरूर जोडा, कारण कधी छपाईत चिन्हच वेगळं पडलेलं असतं.

एक जपा: या पत्रात गुण वाढवायची विनंती घालू नका. सूची दुरुस्त झाली की गुण सगळ्यांचेच बदलतात.