एकच वस्तू दाखवून भाषण करताय? या चुका टाळा

नाशिकमधल्या आमच्या भाषणाच्या सरावाला निफाडकडची एक मुलगी येते. साठवणीच्या चाळीतला कांदा आतून का सडतो, यावर तिने पाच मिनिटांचं भाषण बसवलं. विषय घरचा, माहिती पक्की, आणि दाखवायला एकच वस्तू : कांदा. तरी पहिल्या खेपेला ते पडलं.

पहिली चूक तिने तोंड उघडण्याआधीच झाली. टेबलावर कांदा आणि शेजारी सुरी. सुरी दिसली की कापणार हे कळतंच, मग लोक त्याचीच वाट बघत बसतात. खरं तर नाशिककरांपासून कांदा लपवण्यात काही अर्थ नाही. लपवायचं होतं ते त्याचं पोट. म्हणून आम्ही सुरी काढून टाकली. वरून चांगला, पण मानेशी दाबल्यावर मऊ लागणारे तीन-चार कांदे तिने घरीच उभे कापले. ज्यात सड मानेपासून खाली उतरलेली स्पष्ट दिसत होती, त्याची दोन्ही शकलं टूथपिकने जोडून पिशवीत बंद ठेवली, नाहीतर वासानेच गुपित फुटतं. कापणं सकाळचंच हवं, शिळा काप सुकतो. आणि कांदा घरी कापून आणलाय हे ती सांगते. लोकांना जादू नको, सड बघायची असते.

दुसरी चूक वेळेची. आधी तिने पहिल्याच मिनिटात कांदा उघडला होता. तोवर कुणाच्या मनात प्रश्नच नव्हता, त्यामुळे सड दिसली आणि विसरली गेली. आता ती मिटलेला कांदा हातात घेऊन विचारते, "हा किती दिवस टिकेल?" लोक आकडे सांगतात. मग चाळीची, भाव वाढायची वाट बघण्याची गोष्ट येते, आणि सव्वातीन मिनिटांनी कांदा उघडतो. उरलेली पावणेदोन मिनिटं कारणासाठी लागतातच : मान पुरती सुकायच्या आत पात जवळून कापली की ओल्या मानेतून सड आत शिरते. अगदी शेवटी उघडला असता, तर हे सांगायला वेळच उरला नसता.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते : उघडता उघडता बोलणं. डोळे कांद्यावर गेले की कान बंद होतात. शकलं छातीच्या उंचीवर, कापलेली बाजू लोकांकडे, हात स्थिर. मनात तीन आकडे मोजायचे, मग पहिलं वाक्य. अंगात गडद कपडे असले की कापलेला कांदा उठून दिसतो. पाच-सहा रांगांपलीकडे मात्र एवढीशी वस्तू पोचत नाही. तिथे फोटो मोठा करून दाखवावा.

काम झालं की शकलं परत पिशवीत. हातात राहिली तर लोक कारण ऐकत नाहीत, सडच बघत राहतात. दुसऱ्या खेपेला तिने पिशवी बांधली, तेव्हा मागून एका काकांनी विचारलं, "पोरी, मग मान ठेवायची तरी किती?"

"तीन सेंटीमीटरच्या आसपास, काका. आणि आधी सुकू द्यायची."