शिवीचा कॉल हेडसेटसोबतच ठेवा

कॉल सेंटरच्या लाइनवर रिचार्ज अडकलेला माणूस तापलेला असताना ‘आपली गैरसोय मी समजू शकते’ एवढंच म्हटलं की तो आणखी पेटतो. आधी त्याचीच तक्रार त्याला सांगा: ‘दादा, सकाळी पैसे कटले, रिचार्ज आला नाही, बरोबर?’ स्क्रिप्टचं वाक्य लगेच त्यामागून घ्या, म्हणजे ऑडिटमध्येही ते सापडतं.

आईबहिणीवर आला तर आवाज न चढवता इशारा द्या. किती इशाऱ्यांनंतर कॉल बंद करता येतो किंवा टीम लीडरकडे देता येतो, हे प्रोसेसच्या नियमांत आधीच बघून ठेवा. म्यूटवर पुटपुटू नका, कित्येक सिस्टीममध्ये तेही रेकॉर्ड होतं. (आमच्या एकीला हे फीडबॅकमध्ये कळलं.)

कॉल सुटला की रॅप-अपच्या वेळात रिमार्क लिहा: ‘ग्राहकाची शिवीगाळ, 2 इशारे, कॉल बंद.’ नोंद झाली की उद्या काय उत्तर द्यायचं, हा घोर राहत नाही. संध्याकाळी डोक्यात फिरतो तो बहुतेक हाच. पुढचा कॉल घेण्याआधी एक लांब श्वास सोडा.

सिडकोहून घरी जाताना मैत्रिणीला तो कॉल शिव्यांसकट ऐकवत बसू नका. राग परत तापतो, आणि दारात लेकरावर निघतो. घरी एवढंच सांगा: ‘आज एक कॉल वाईट होता, दहा मिनिटं गप बसू द्या.’